अचूकता वाढतेय आणि लॉसही वाढतोय: द्राक्षाच्या पानांचं एक प्रकरण

स्क्रीनशॉटमध्ये दोन रेषा होत्या. ट्रेनिंग लॉसची केशरी रेषा पहिल्या इपॉकला, म्हणजे सगळ्या फोटोंवरून मॉडेलची पहिली फेरी झाली तेव्हा, 0.93 वर होती, बाराव्या इपॉकपर्यंत 0.02 वर आली आणि पुढे चाळीसाव्यापर्यंत तळाला चिकटून राहिली. व्हॅलिडेशन लॉसची निळी रेषा 0.81 वरून उतरली, पाचव्या इपॉकच्या आसपास 0.58 ला टेकली आणि तिथून चढत चढत चाळीसाव्या इपॉकला 1.27 वर जाऊन पोचली. खाली भाच्याचा प्रश्न होता: "मामा, मित्र म्हणतायत हे सरळसरळ ओव्हरफिटिंग आहे. पण व्हॅलिडेशन ॲक्युरसी तर 79 वरून 81 टक्के झालीये. मग मॉडेल बिघडलं की सुधारलं?"

भाचा पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट म्हणजे मोबाइलवर काढलेल्या द्राक्षाच्या पानाच्या फोटोवरून रोग ओळखायचा. वर्ग चार: केवडा, भुरी, करपा आणि निरोगी. नारायणगावच्या बाजूच्या आठ बागांमधून गटातल्या मुलांनी मिळून 1,920 फोटो काढले होते. मॉडेल म्हणून इमेजनेटवर आधीच शिकलेलं रेसनेट-50 घेतलं होतं. त्याचे सगळे थर मोकळे, ॲडम ऑप्टिमायझर, लर्निंग रेट 0.001, बॅच 32, चाळीस इपॉक. फोटो 224 बाय 224 करून थेट आत. फोटो दर वेळी थोडे फिरवून-बदलून दाखवायचं ऑगमेंटेशन काहीही नाही.

ही माहिती त्याने नंतर दिली. सुरुवातीला हातात फक्त चित्र होतं, आणि चित्र नीट वाचलं तर त्यातूनही बरंच कळतं.

टेन्सरबोर्डच्या स्क्रीनशॉटमध्ये आधी डावीकडचा स्मूदिंगचा स्लायडर बघावा. तो मुळातच 0.6 वर असतो, आणि बहुतेक जण त्याला हात लावत नाहीत. आपल्याला ठळक दिसते ती सरासरी काढलेली रेषा. खरे आकडे तिच्या मागे फिकट रंगात असतात. ही सरासरी मागच्या बिंदूंना धरून चालते, त्यामुळे ठळक रेषेचा तळ खऱ्या तळापेक्षा एकदोन इपॉक उशिरा दिसतो. भाच्याच्या चित्रात ठळक रेषा सातव्या इपॉकला वळत होती आणि फिकट रेषा पाचव्याला. वर दिलेले आकडे फिकट रेषेचे आहेत. ट्रेनिंग कुठे थांबवायचं हे ठरवताना स्लायडर शून्यावर नेऊनच बघावं.

दुसरी गोष्ट, उभ्या अक्षाला मोजपट्टी कोणती लावायची? वर्ग चार असतील आणि मॉडेलला काहीच कळत नसेल, म्हणजे प्रत्येक फोटोला चारही वर्गांची शक्यता 25-25 टक्के देत असेल, तर क्रॉस-एंट्रॉपी लॉस ln 4, म्हणजे 1.39 येतो. पहिल्या इपॉकचे 0.93 आणि 0.81 त्याच्या बरेच खाली आहेत, म्हणजे मॉडेल शिकायला लागलं होतं, लेबलं किंवा फोटो वाचण्यात ढोबळ घोळ नव्हता. आता शेवटचा आकडा बघा. 81 टक्के उत्तरं बरोबर देणाऱ्या मॉडेलचा लॉस 1.27 आहे, काहीच न कळणाऱ्या मॉडेलच्या जवळपास. भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर याच विसंगतीत आहे.

जाता जाता, पहिल्या इपॉकला व्हॅलिडेशन लॉस ट्रेनिंगपेक्षा कमी कसा, असं कुणी ना कुणी विचारतंच. केरास या लायब्ररीत ट्रेनिंग लॉस हा संपूर्ण इपॉकभरातल्या बॅचेसची सरासरी असतो, त्यात सुरुवातीच्या कच्च्या बॅचेसही धरलेल्या असतात. व्हॅलिडेशन मात्र इपॉक संपल्यावर, तोवर शिकून झालेल्या मॉडेलवर मोजलं जातं. सुरुवातीच्या एकदोन इपॉकमध्ये एवढ्याने रेषा उलट्या दिसू शकतात. काळजीचं काही नाही.

आता मूळ प्रश्न. व्हॅलिडेशनमध्ये 480 फोटो होते. पाचव्या इपॉकला 79 टक्के, म्हणजे साधारण 379 बरोबर आणि 101 चूक. चाळीसाव्याला 81 टक्के, म्हणजे 389 बरोबर आणि 91 चूक. फरक दहा फोटोंचा. 480 फोटोंवर 80 टक्क्यांच्या आसपासच्या अचूकतेत पावणेदोन-दोन टक्क्यांचं इकडेतिकडे नुसत्या योगायोगानेही होतं, आणि इथे तर एकेका वेलीचे चार-पाच फोटो असल्याने 480 हा आकडाही फुगलेलाच आहे. तेव्हा 'ॲक्युरसी वाढली' असं म्हणता येत नाही, ती जागच्या जागी राहिली एवढंच.

मग लॉस दुपटीहून जास्त कशामुळे झाला? लॉस फक्त चूक की बरोबर बघत नाही, किती खात्रीने बोललास तेही बघतो. खऱ्या वर्गाला मॉडेलने जी शक्यता दिली तिच्या लॉगॅरिदमचं चिन्ह उलटं केलं की एका फोटोचा लॉस मिळतो. मी भाच्याला दोन्ही इपॉकची साठवलेली वजनं लोड करून बरोबर आणि चूक फोटोंचा सरासरी लॉस वेगवेगळा काढायला सांगितला. पाचव्या इपॉकला चुकलेल्या फोटोंचा सरासरी लॉस 1.7 होता, म्हणजे उत्तर चुकलं तरी खऱ्या वर्गाला साधारण 18 टक्के शक्यता दिलेली होती. बरोबर आलेल्यांचा 0.28, म्हणजे साधारण 75 टक्के खात्री. चाळीसाव्या इपॉकला बरोबर फोटोंचा लॉस 0.045 वर आला होता, इथे मॉडेल जवळजवळ पूर्ण खात्रीने बोलत होतं. आणि चुकलेल्यांचा सरासरी लॉस झाला होता 6.5. म्हणजे खऱ्या वर्गाला हजारात दीड एवढी शक्यता. 91 गुणिले 6.5 म्हणजे 591, 389 गुणिले 0.045 म्हणजे 17 आणि थोडं, बेरजेला 480 ने भागा, 1.27 मिळतो. जवळपास सगळा लॉस त्या 91 फोटोंचा.

म्हणजे मॉडेल पूर्वी जिथे चाचरत चुकत होतं, तिथे आता छातीठोकपणे चुकतंय. ट्रेनिंगचे सगळे फोटो बरोबर यायला लागल्यावर लॉस आणखी खाली नेण्याचा एकच रस्ता उरतो: प्रत्येक उत्तराची खात्री वाढवत नेणं. बाराव्या इपॉकनंतर मॉडेलने तेच केलं, आणि ती खात्री नवीन फोटोंवरही तशीच लागू झाली. हे ओव्हरफिटिंगच आहे, फक्त ॲक्युरसीच्या आलेखात ते दिसत नाही. शेतकऱ्याला "केवडा, 99 टक्के" असं सांगून फवारणी करायला लावणार असाल, तर ही खात्री खोटी असणं फार महागात पडतं.

तरीही 'ओव्हरफिटिंग' असं नाव देऊन थांबलो नाही, कारण असाच फाकलेला आलेख इतर कारणांनीही येतो. लर्निंग रेट फार जास्त असता तर केशरी रेषेतही उसळ्या दिसल्या असत्या, ती मात्र गुळगुळीत उतरली होती. व्हॅलिडेशन संच फार लहान असता तर निळी रेषा वरखाली नाचली असती, एका दिशेने चढत गेली नसती. व्हॅलिडेशनच्या फोटोंवर वेगळीच प्रक्रिया होत असती, उदाहरणार्थ पिक्सेलची मापं एकीकडे 0 ते 1 आणि दुसरीकडे 0 ते 255, तर अंतर पहिल्या इपॉकपासूनच मोठं असतं. ही शंका पक्की मिटवायची असेल तर एक सोपी चाचणी आहे: ट्रेनिंगचेच फोटो व्हॅलिडेशनच्या वाटेने आत सोडायचे. लॉस 0.02 च्या आसपास आला तर वाट बरोबर आहे. भाच्याचा 0.01 आला.

उरला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, आणि तो चित्रातून कधीच कळत नाही: व्हॅलिडेशनचे फोटो वेगळे कसे काढले? भाच्याने सहा बागा ट्रेनिंगला आणि दोन बागा व्हॅलिडेशनला ठेवल्या होत्या. हे त्याने उत्तम केलं होतं. सगळे फोटो एकत्र करून चिठ्ठ्या टाकल्यासारखे विभागले असते, तर एकाच वेलीचा एक फोटो इकडे आणि दुसरा तिकडे गेला असता, निळी रेषा केशरीच्या मागोमाग खाली आली असती, आणि सगळे खूश होऊन चुकीचं मॉडेल घेऊन बागेत गेले असते. पण बागेनुसार वाटणी केली की आलेखातलं अंतर दोन गोष्टींचं मिळून बनतं. एक, मॉडेलने ट्रेनिंगचे फोटो पाठ केले. दोन, नव्या बागा मुळातच वेगळ्या आहेत: मांडव वेगळा, उजेड वेगळा, फोन वेगळा. दोन्हींवरचे उपाय वेगळे, म्हणून आधी त्यांची फोड करायला हवी.

त्यासाठी तिसरा संच लागतो. सहा ट्रेनिंग बागांमधूनच काही वेली सबंधच्या सबंध बाजूला काढायच्या, त्यांचा एकही फोटो ट्रेनिंगला द्यायचा नाही. याला ट्रेन-डेव्ह सेट म्हणतात. भाच्याने 1,440 पैकी साधारण 200 फोटोंच्या वेली अशा बाजूला काढल्या आणि बाकी काहीही न बदलता पुन्हा ट्रेन केलं. चाळीसाव्या इपॉकला ट्रेनिंग लॉस 0.01, त्याच बागांतल्या न पाहिलेल्या वेलींवर 0.74 आणि दोन नव्या बागांवर जवळपास पूर्वीइतकाच, 1.28.

0.01 ते 0.74 हा भाग पाठांतराचा. 0.74 ते 1.28 हा भाग बाग बदलल्याचा. ही वजाबाकी अगदी काटेकोर मानू नये, दोन्ही कारणं एकमेकांत गुंतलेली असतात. पण निम्म्याहून जास्त अंतर त्याच बागेतल्या शेजारच्या वेलीवरही दिसतंय, हे नक्की झालं. तिथे उजेड तोच, फोन तोच, पानही त्याच जातीचं. म्हणजे निदान पक्कं, पण अपुरं.

दुसरा भाग समजून घेण्यासाठी आलेख बंद केला आणि फोटो उघडले. व्हॅलिडेशनमधले सर्वांत जास्त लॉसचे चाळीसेक फोटो एका पानावर ओळीने मांडायचे, खाली खरा वर्ग आणि मॉडेलचं उत्तर लिहायचं. हे काम कंटाळवाणं म्हणून सगळे टाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त हातात देणारंही हेच असतं. वरच्या ओळींमध्ये निरोगी पानांचे फोटो एकापाठोपाठ दिसत होते, आणि प्रत्येकाखाली मॉडेलचं उत्तर: केवडा, 0.99. पानावर ना पिवळा डाग, ना पांढरी बुरशी. पण जवळजवळ प्रत्येक फोटोत पानाच्या कडेला अंगठा दिसत होता.

कारण विचारल्यावर लगेच सापडलं. केवड्याचे पिवळसर तेलकट डाग पानाच्या वरच्या बाजूला असतात, पण खात्री पटवणारी पांढरी वाढ खालच्या बाजूला असते. त्यामुळे ट्रेनिंगच्या सहा बागांत मुलांनी केवड्याचं पान उलटं करून, बोटांत धरून फोटो काढले होते. भुरी पानाच्या वरच दिसते, करप्याचे ठिपकेही वरून दिसतात, निरोगी पान तर उलटायचं कारणच नाही. म्हणजे ट्रेनिंगच्या फोटोंत बोट दिसलं की केवडा, हे समीकरण जवळपास अचूक होतं, आणि मॉडेलने ते उचललं. व्हॅलिडेशनच्या एका बागेत मात्र वारा होता म्हणून फोटो काढणाऱ्याने सगळीच पानं हातात धरली होती. पडताळणी म्हणून त्याच फोटोंतली बोटं कापून पुन्हा मॉडेलला दिली. बहुतेकांत केवड्याची खात्री धाडकन खाली आली.

ट्रेन-डेव्ह सेटमध्ये हा घोटाळा दिसला नाही, कारण तिथेही फोटो काढायची सवय तीच होती. आणि पाठांतर रोखायला ट्रेनिंगमध्ये नेटवर्कचे काही भाग आलटून पालटून बंद ठेवणारं ड्रॉपआउट नुसतं लावून तो जाणारही नव्हता.

बदल सुचवताना मी एकच अट घातली, एका वेळी एकच बदल करायचा आणि तिन्ही संचांचा लॉस लिहून ठेवायचा. मुलं पाच गोष्टी एकदम बदलतात आणि मग नेमकं कशाने काम झालं ते कुणालाच सांगता येत नाही.

सर्वांत आधी थांबायची सोय केली. व्हॅलिडेशन लॉस सहा इपॉक सुधारला नाही तर ट्रेनिंग थांबवायचं आणि सर्वांत चांगली वजनं परत आणायची:

```python
keras.callbacks.EarlyStopping(
    monitor="val_loss", patience=6,
    restore_best_weights=True)
```

याने नवीन काही शिकलं जात नाही, फक्त 1.27 ऐवजी 0.58 चं मॉडेल हाती राहतं. `monitor` मध्ये `val_accuracy` टाकलं असतं तर उशिराचं, फाजील खात्रीचं मॉडेल निवडलं जाऊ शकलं असतं.

त्यानंतर लर्निंग रेट. आधीच शिकलेल्या नेटवर्कचे सगळे थर मोकळे सोडून ॲडमला 0.001 देणं म्हणजे इमेजनेटवर मिळवलेलं बरंचसं पहिल्या दोन इपॉकमध्ये पुसून टाकणं. रेसनेट-50 मध्ये सव्वादोन कोटींहून जास्त पॅरामीटर आहेत आणि आपल्याकडे फोटो दीड हजारसुद्धा नाहीत. म्हणून आधी मूळ नेटवर्क गोठवून फक्त शेवटचा चार वर्गांचा थर शिकवला, मग वरचा शेवटचा गट मोकळा करून 0.00005 ने पुढे नेलं. बॅच नॉर्मलायझेशनचे थर मात्र गोठलेलेच ठेवले, त्यासाठी केरासमध्ये मूळ मॉडेलला हाक मारताना `training=False` द्यावं लागतं. नव्या बागांवरचा किमान लॉस 0.58 वरून 0.51 वर आला.

मग ऑगमेंटेशन:

```python
layers.RandomFlip("horizontal_and_vertical")
layers.RandomRotation(0.1)
layers.RandomBrightness(0.2)
```

इथे भाच्याला रंगछटा बदलणारंही टाकायचं होतं, कारण कुठल्याशा नमुना कोडमध्ये ते होतं. मी नको म्हटलं. केवड्याचा पिवळा आणि भुरीचा राखाडी-पांढरा हा फरकच आपल्याला ओळखायचा आहे, रंग मनमानी फिरवले तर लेबलच खोटं ठरतं. उजेड कमीजास्त करणं ठीक, तो बागेत खरंच कमीजास्त होतो. या बदलाने नव्या बागांवरचा लॉस 0.43 झाला आणि ट्रेनिंग लॉस 0.02 ऐवजी 0.19 वर थांबला. "ट्रेनिंग बिघडलं," असं भाच्याने लगेच कळवलं. बिघडलं नव्हतं. दर वेळी थोडा वेगळा फोटो समोर येतो म्हटल्यावर पाठांतर अवघड होतं, त्यामुळे ट्रेनिंग लॉस वाढणं अपेक्षितच होतं. या टप्प्यावर केशरी रेषा निळीच्या वर गेली असती तरी चाललं असतं, कारण ऑगमेंटेशन फक्त ट्रेनिंगच्या फोटोंवर होतं.

लेबल स्मूदिंग, म्हणजे खऱ्या वर्गाला पूर्ण 100 टक्के न देता थोडा वाटा बाकीच्या वर्गांना देणं, मी शेवटपर्यंत लांबणीवर टाकलं. फाजील खात्रीवर ते चांगलं औषध आहे, पण लॉसची मोजपट्टीच बदलतं. चार वर्ग आणि 0.1 स्मूदिंग असेल तर अगदी आदर्श मॉडेलचा लॉसही 0.35 च्या खाली जाऊ शकत नाही, आणि केरासमध्ये तोच लॉस व्हॅलिडेशनलाही लागतो. आधीच्या 0.43 शी त्याची तुलना करणं मग निरर्थक. ते लावायचंच असेल तर साधा क्रॉस-एंट्रॉपी लॉस वेगळा मेट्रिक म्हणून लिहून ठेवावा.

अंगठ्याचा प्रश्न डेटामधूनच सुटणार होता. मुलांनी पानाभोवती चौकट काढून फोटो कापले, आणि एका बागेत परत जाऊन निरोगी, भुरीच्या आणि करप्याच्या पानांचेही हातात धरून, उलट-सुलट दोन्ही बाजूंनी फोटो काढून आणले. हे फोटो ट्रेनिंगमध्ये गेल्यावर नव्या बागांवरचा लॉस 0.34 आणि अचूकता 88 टक्के झाली, तर ट्रेन-डेव्हवरचा लॉस 0.29. दोन संचांतलं अंतर 0.54 वरून 0.05 वर आलं. बाकी सगळ्या बदलांपेक्षा या एका फेरीने मॉडेल खरं कामाचं झालं, असं माझं मत आहे. ड्रॉपआउट 0.3 नंतर लावून पाहिलं, फरक मोजण्याइतका नव्हता, म्हणून काढून टाकलं.

अडचण अजून एक उरलीय. थांबायचं कुठे, ऑगमेंटेशन कोणतं ठेवायचं, ड्रॉपआउट काढायचं की नाही, हे सगळे निर्णय त्याच दोन बागांकडे बघून घेतले. त्यामुळे 0.34 हा आकडा थोडा लाडावलेला आहे. यावर दोन गोष्टी करता येतात. एक म्हणजे आठ बागांपैकी दर वेळी एक बाजूला ठेवून आठ वेळा ट्रेन करायचं आणि आठही आकडे शेजारी शेजारी लिहायचे, नुसती सरासरी नाही, कारण एखादी बाग सातत्याने वाईट येत असेल तर तिचे फोटो उघडून बघायला हवेत. दुसरी म्हणजे कुणीच न पाहिलेली नववी बाग, जिच्यावर मॉडेल एकदाच चालवायचं आणि त्यानंतर काहीही बदलायचं नाही.

आठ फेऱ्यांचं काम सध्या चालू आहे. नवव्या बागेचे फोटो ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर, पाऊस लांबला आणि केवडा दिसायला लागला की मिळतील. रिपोर्टमध्ये तोवर 88 टक्के लिहायचे तर त्याशेजारी "दोन बागांवर, याच बागांवरून निवड करून" असं लिही, असं भाच्याला सांगितलंय. त्याच्या गाइडना ते वाक्य फारसं आवडलेलं नाही.